कोपराच्या आतल्या बाजूला कळ, पाण्याचे जार उचलणाऱ्या भावासाठी विचारतोय

वारणेकाठचा
मंडळी, धाकट्या भावासाठी विचारतोय. त्याचा मिरजेत पाण्याच्या जारचा धंदा आहे. एक छोटा हत्ती, मदतीला एक पोरगा, बाकी उचलाउचल सगळी त्याची स्वतःची. वय ३४, तब्येत दणकट, बीपी शुगर काही नाही. यंदा उन्हाळा लागला आणि लग्नसराई सुरू झाली तसं उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं. हात सरळ केला की कोपराच्या आत, म्हणजे अंगाकडच्या बाजूला जे टोकदार हाड लागतं ना, नेमकं तिथे आणि त्याच्या थोडं खाली. आधी फक्त संध्याकाळी ठणकायचं, आता जार मानेला धरून उचलला की कळ मारते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे डिस्पेन्सरवर जार उलटा करताना, तेव्हा तर हातातून सुटतो की काय असं वाटतं म्हणतो.
जवळच्या डॉक्टरांनी एक्सरे काढला, नॉर्मल आला. टेनिस एल्बो म्हणाले, गोळ्या दिल्या. गोळ्या चालू असेपर्यंत बरं वाटलं, संपल्या की परत तेच. आता म्हणतात इंजेक्शन घ्या, मोकळे व्हाल. धंद्याचा सीझन असा आहे की घरी बसणं शक्य नाही. इंजेक्शन घ्यावं का? आणि काम न सोडता हे बरं होतं का? कुणाला अनुभव असेल तर सविस्तर सांगा.

व्यायामवेडा
आतल्या बाजूला असेल तर टेनिस एल्बो नाही, गोल्फर्स एल्बो. जिममध्ये पुलअप्स करणाऱ्यांना सर्रास होतो, मला झाला होता. उपाय सोपा आहे, दुखणं पूर्ण थांबेपर्यंत हाताला कंप्लीट विश्रांती, दिवसातून तीन वेळा बर्फ, आणि मेडिकलमध्ये एल्बो स्ट्रॅप मिळतो तो दिवसरात्र घालून ठेवायचा.

कोकणची_काकू
मला पण आहे हे! पोळ्या लाटताना आणि कुकरचं झाकण लावताना कोपराच्या बाहेरून अशी कळ येते की बस. मी एरंडेल गरम करून लावते आणि वर रुईचं पान बांधते, रात्रभरात उतरतं. भावाला करून बघायला सांगा.

वारणेकाठचा
काकू, तुमचं बाहेरून आहे, त्याचं आतून आहे. शेक सांगतो त्याला. व्यायामवेडा, कंप्लीट विश्रांती घेतली तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जातं हो, तीच तर अडचण आहे.

मृण्मयी_फिजिओ
मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे, माझ्याकडे अंगमेहनतीचं काम करणारे बरेच येतात म्हणून लिहिते. इंजेक्शनचं नंतर बघू, आधी दुखणं नक्की कोणतं ते ठरवू. घरी दोन गोष्टी करून बघा आणि इथे सांगा.
भावाला टेबलावर हात सरळ ठेवायला सांगा, तळवा वर, मूठ बंद. तुम्ही त्याची मूठ खाली दाबा आणि त्याला मनगट वर वळवायला सांगा. आतल्या हाडाजवळ त्याची ती ओळखीची कळ आली का? मग हँडशेक केल्यासारखा त्याचा हात धरा, त्याला तळवा जमिनीकडे वळवायला सांगा आणि तुम्ही अडवा. तेव्हा काय होतं?
दुसरं, करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतात का, रात्री किंवा फोन कानाला लावल्यावर? हे नक्की विचारा. अशी माणसं आपणहून सांगत नाहीत, कारण त्यांना वाटतं बोटाचा आणि कोपराचा संबंध काय.

तात्या_मालीशवाले
आमच्या गावात हाडवैद्य आहे, कोपर धरून असा एक झटका देतो की माणूस उठून कामाला लागतो. गोळ्या, इंजेक्शन कशाला पाहिजे? शीर चढली असणार, दुसरं काही नाही.

मृण्मयी_फिजिओ
तात्या, राग मानू नका पण कोपराच्या आतल्या बाजूला हे नका करू. त्या टोकदार हाडाच्या अगदी मागून एक मज्जातंतू जातो, कोपर कुठे आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना, तोच. अंगठ्याने रगडून आणि झटका देऊन तो दुखावलेले पेशंट मी बघितलेत. दुखणं टेंडनचं, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीचं होतं, वर मज्जातंतूचं जोडून घेतलं. पुढच्या मांसल भागावर हलक्या हाताने तेल लावलं तर हरकत नाही, हाडाच्या मागे मात्र कुणी बोट लावू नये.

हमालपुत्र
वडील मार्केट यार्डात माथाडी होते, आयुष्यभर पोती वाहिली, म्हणून दोन शब्द. पन्नास किलोचं पोतं पाठीवर आणि मानेवर असतं, हात फक्त तोल सांभाळतो. त्यामुळे त्यांच्या बरोबरच्या लोकांचे गुडघे गेले, कंबर गेली, मान गेली, पण कोपराची तक्रार मी फारशी ऐकली नाही. ज्यांची ऐकली ते आकडा मारून पोतं ओढणारे, नाहीतर गाडीवरून पोत्याचे कान धरून खाली उतरवणारे. वजन किती यापेक्षा ते कशाने धरलंय याने फरक पडतो असं वडील म्हणायचे. तुमचा भाऊ जार कसा धरतो ते सांगा.

वारणेकाठचा
काल रात्री सगळं करून बघितलं. मूठ दाबली तेव्हा बरोबर तिथेच कळ आली, आणि तळवा खाली वळवताना अडवलं तर जवळजवळ ओरडलाच. डाव्या हाताला काहीच नाही. मुंग्यांचं विचारलं तर आधी नाही म्हणाला, मग त्याची बायको म्हणाली रात्री हात झटकत उठतात कधी कधी. मग कबूल केलं की करंगळीला येतात थोड्या.
हमालपुत्र, तुमचा प्रश्न बरोबर ठिकाणी लागला. मी मुद्दाम सकाळी त्याच्याबरोबर एक फेरी मारली. गाडीतून उतरवताना दोन हातात दोन जार, दोन्ही बाटलीच्या मानेला बोटांचा आकडा करून धरलेले, आणि तसाच जिना चढतो. जार वीस लिटरचा, म्हणजे पाणीच वीस किलो, वर जारचं वजन. दिवसाला साठेक जार जातात. गाडी भरताना एकदा, उतरवताना एकदा. बऱ्याच ऑफिसांत डिस्पेन्सरवर चढवून देणं पण यांच्याचकडे असतं, तेव्हा उजवा हात मानेला, डावा तळाला, आणि उजव्याने गरकन फिरवून उलटा करतो. हे सगळं मी आयुष्यात पहिल्यांदा नीट बघितलं.

मृण्मयी_फिजिओ
आता चित्र स्पष्ट झालं. व्यायामवेडा यांनी नाव बरोबर सांगितलं होतं. मनगट आत वळवणारे आणि तळवा पालथा करणारे जे स्नायू आहेत, त्यातले बहुतेक त्या आतल्या टोकदार हाडावर एकाच जागी येऊन चिकटतात, आणि चिकटतात ते टेंडनने. जार मानेला धरला की बोटं आणि मनगट आवळलेलं राहतं, म्हणजे ते टेंडन पूर्ण जिनाभर ताणाखाली. आणि जार उलटा करणं म्हणजे वीस किलो हातात असताना तळवा पालथा करणं, म्हणजे त्याच टेंडनला त्याची सगळ्यात अवघड हालचाल सगळ्यात जास्त वजनाला करायला लावणं. म्हणून तुमच्या दुसऱ्या टेस्टला तो ओरडला.
एक्सरेत हाड दिसतं, टेंडन दिसत नाही, म्हणून नॉर्मल आला. आणि जुन्या झालेल्या दुखण्यात तिथे सूज फार नसते. दोरखंडाचे पदर झिजून विस्कटावेत तसे टेंडनचे धागे विस्कटलेले असतात, शरीर दुरुस्ती करायला जातं पण रोजचा ताण दुरुस्तीच्या पुढे पळत असतो. म्हणूनच गोळीने वेदना दबते, मूळ जागचं चालूच राहतं.

व्यायामवेडा
मग मी विश्रांती म्हणालो ते बरोबरच झालं ना?

मृण्मयी_फिजिओ
अर्धं. ज्या हालचालीने कळ येते ती कमी करायची, हे शंभर टक्के बरोबर. पण हात पूर्ण बंद ठेवला तर टेंडन आणखी कमजोर होतं, दुखणं थांबतं, माणूस खूश होऊन परत साठ जार उचलतो आणि पुन्हा पहिल्यापासून. टेंडनला मजबूत व्हायला वजन लागतंच, फक्त त्याला झेपेल एवढं आणि हळूहळू वाढवत.
बर्फाने तात्पुरतं बरं वाटतं, लावा हवं तर. स्ट्रॅपबद्दल मात्र सावध. तो हाडावर बांधायचा नाही, हाडाच्या दोनतीन बोटं खाली, आतल्या बाजूच्या मांसल भागावर, आणि फक्त काम करताना. दिवसरात्र तर अजिबात नको, आणि यांच्या भावाला करंगळीत मुंग्या आहेत म्हटल्यावर स्ट्रॅपने त्या वाढतायत असं वाटलं तर काढूनच टाकायचा.

सह्याद्रीकर
मी ऑर्थोपेडिक सर्जन आहे. निदानाबद्दल सहमत. पण इंजेक्शनला इतकं वाईट ठरवू नये. माणूस रात्री झोपू शकत नाही, व्यायाम करायला हात हलवू देत नाही, अशा वेळी एक स्टिरॉइड इंजेक्शन, माहीतगार हाताने, मी देतो आणि लोकांना फायदा होतो. हातावर पोट असलेल्याला "तीन महिने व्यायाम कर" सांगणं सोपं आहे.

मृण्मयी_फिजिओ
सर, वाईट ठरवत नाही. पण पुढच्या काही आठवड्यांत छान वाटतं आणि काही महिन्यांनी फरक राहत नाही, हे तुम्हीही बघितलं असेल. बाहेरच्या बाजूच्या दुखण्यात तर इंजेक्शन घेतलेल्यांचं वर्षभरानंतर न घेतलेल्यांपेक्षा वाईट असल्याचं अभ्यासांत आलंय. माझी खरी भीती वेगळी आहे. याचं दुखणं दबलं की हा माणूस दुसऱ्या दिवशी दोन हातात दोन जार घेऊन जिना चढणार. आणि इथे मज्जातंतू शेजारीच आहे, त्यात मुंग्या आधीच आहेत.

सह्याद्रीकर
मज्जातंतूचा मुद्दा मान्य, मुंग्या असतील तर मीही आधी तो तपासेन. बाकी मतभेद राहू दे, पेशंट बघितल्याशिवाय दोघांनीही ठाम बोलू नये. एवढं मात्र लक्षात ठेवा, करंगळी सुन्न पडायला लागली, चिमटीत कागद धरता येईना, किंवा अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधलं मांस बारीक दिसायला लागलं, तर व्यायाम करत बसू नका, सरळ दाखवा. नर्व्ह कंडक्शन टेस्ट करून घेता येते.

वारणेकाठचा
दोघांचेही मनापासून आभार. आता सांगा, उद्या सकाळी सहाला तो गाडी भरणार आहे. काय बदलायचं?

मृण्मयी_फिजिओ
मानेला धरून उचलणं उजव्या हाताने बंद. एका वेळी एकच जार, दोन्ही हात तळाखालून, जार छातीला टेकवून. जिना असेल तर खांद्यावर, पण डाव्या. फेऱ्या वाढतील, तो कुरकुर करेल, ते धरून चाला. पोरग्याला उलटं करण्याचं काम द्या.
व्यायाम असा. खुर्चीत बसून उजवा हात मांडीवर, तळवा वर, मनगट गुडघ्याच्या पुढे. सुरुवातीला नुसतं वजन धरून मनगट सरळ ठेवायचं, अर्धा मिनिट, पाचेक वेळा, मध्ये थोडं थांबून. आठवडाभरात हे नीट जमलं की हळू खाली सोडायचा व्यायाम: अर्ध्या लिटरची भरलेली बाटली घ्यायची, डाव्या हाताच्या मदतीने मनगट वर आणायचं, मग डावा हात सोडून उजव्यानेच तीनचार सेकंद घेत खाली जाऊ द्यायचं. पंधरा वेळा, असे तीन सेट, एक दिवसाआड. सोपं वाटलं की एक लिटर, मग त्याहून जड. तळवा फिरवायच्या व्यायामाला हातोडी घ्या, दांड्याला धरून हात उताणा, पालथा, सावकाश. आधी दांडा हातोडीच्या डोक्याजवळ धरायचा, सोपं वाटलं की टोकाकडे सरकायचं.
दुखलं तर किती चालेल हे प्रत्येक जण विचारतो. दहापैकी तीनचार इतकं दुखलं आणि दुसऱ्या सकाळी नेहमीइतकंच असलं तर चालू ठेवा. सकाळी जास्त ठणकत असेल तर आदल्या दिवशी वजन जास्त झालं, एक पायरी खाली या.
मुंग्यांसाठी, रात्री कोपर पूर्ण दुमडून झोपायचं नाही. टॉवेल सैलसर गुंडाळून कोपराभोवती ठेवला की आपोआप दुमडत नाही. गाडी चालवताना खिडकीवर कोपर टेकवायची सवय असेल तर ती पण सोडायची.

कोकणची_काकू
खिडकीवर कोपर! आमचे हे पण तसेच चालवतात. सांगते आजच.

फाईल_आणि_फर्निचर
मी एका छोट्या ऑफिसात अॅडमिन बघते, गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहिते. आमचा जारवाला दादा एकदा म्हणाला ताई, हे वर चढवणं मला झेपत नाही. आम्ही जारच्या तोंडावर बसणारा पंप घेतला, चार्जिंगचा, काही शे रुपयांचा. जार जमिनीवरच राहतो, बटण दाबलं की पाणी. उलटं करणं संपलं. हाताने दाबायचा पंप त्याहून स्वस्त आहे. भाऊंनी गिऱ्हाइकांना विचारून तर बघावं, आम्हाला आधी कुणी सांगितलंच नव्हतं, नाहीतर आधीच घेतला असता. आणि जारच्या मानेत अडकवायचं प्लास्टिकचं हँडल पण मिळतं.

हमालपुत्र
हँडल चांगलं, पण पातळ असेल तर बोटात रुततं आणि माणूस जास्तच आवळून धरतो. जाड मुठीचं बघा, नाहीतर जुन्या सायकलची ट्यूब गुंडाळा. आणि जिथे लिफ्ट आहे तिथे दोन चाकांची ट्रॉली.

वारणेकाठचा
पंपाची आयडिया भावाला लगेच पटली, कारण त्यात त्याचाही वेळ वाचतो. पाच ऑफिसांना विचारलं, तीन तयार झाली. एका ठिकाणी म्हणाले की मग जार तुम्हीच का आणता, आम्ही दुसऱ्याला सांगतो. असो. जारमागे मिळणाऱ्या पैशात एकेक जार नेणं परवडत नाही म्हणून दुसऱ्या पोराला अर्धवेळ ठेवलंय.

व्यायामवेडा
काही सुधारणा? धाग्यावर नजर ठेवून आहे, मी पण ते हळू खाली सोडायचे व्यायाम सुरू केलेत. पुलअप्सला परत येतोय.

वारणेकाठचा
धागा वर काढतोय, गणपती झाले, आता अपडेट देतो. सुरुवातीला काही फरक नव्हता, उलट व्यायामाचा पहिला आठवडा वैतागला होता. मधे एकदा लग्नाची मोठी ऑर्डर आली आणि सवयीने दोन हातात दोन जार घेतले, दुसऱ्या सकाळी दात घासायचा ब्रश धरवेना. मग आपणहून व्यायाम नियमित केला. आता दीड लिटरच्या बाटलीवर आहे, हातोडी टोकाला धरून फिरवतो. जार तळाखालून उचलताना दुखत नाही. मानेला धरून उचलून बघितलं तर थोडं जाणवतं. रात्री हात झटकत उठणं बंद झालंय, त्याच्या बायकोनेच सांगितलं. इंजेक्शन घेतलं नाही.

मृण्मयी_फिजिओ
खूप छान वाटलं वाचून. एक गोष्ट मात्र सांगते, पावसाळ्यात पाण्याची मागणी कमी असते, त्यामुळे यातला काही आराम व्यायामाचा आणि काही कमी झालेल्या जारांचा, वेगळं करून सांगता येणार नाही. टेंडनची खरी परीक्षा होळीनंतर. म्हणून बरं वाटतंय म्हणून आत्ता व्यायाम सोडू नका, उलट आत्ताच वजन वाढवा. तीन, मग चार किलोचा डंबेल, आणि सीझन लागायच्या आधी रिकामा, मग अर्धा भरलेला जार हँडलने धरून चालायचा सराव. मुंग्या परत आल्या तर मात्र दाखवायचं, पुढे ढकलायचं नाही.

सह्याद्रीकर
सहमत. आणि इंजेक्शनशिवाय झालं तर चांगलंच आहे. सहा महिने ते वर्षभर नीट उपचार करूनही हटलं नाही तर ऑपरेशनचा विचार असतो, ती वेळ फार थोड्यांवर येते.

वारणेकाठचा
डंबेल व्यायामवेडा यांच्याकडून मागवावेत म्हणतो :) होळीनंतर परत लिहीन.

कोकणची_काकू
मृण्मयी ताई, मी पण ती मुठीची टेस्ट केली, मला काहीच दुखलं नाही. म्हणजे मला काही नाही असं समजायचं का? कुकरचं झाकण अजून दुखवतंय.

मृण्मयी_फिजिओ
काकू, तुमचं बाहेरचं आहे म्हणून ती टेस्ट तुम्हाला लागू नाही. तुम्ही तळवा खाली ठेवून करा. हात टेबलावर पालथा, कुणीतरी वरून दाबायचं आणि तुम्ही मनगट वर उचलायचं. बाहेरच्या हाडाजवळ दुखलं तर तुमचं मात्र टेनिस एल्बो. बाटलीचा व्यायामही तसाच, फक्त हात पालथा धरून. आणि वीस पोळ्या सलग लाटू नका, मध्ये कणीक दुसऱ्या कुणाच्या हातात द्या.

कोकणची_काकू
देते. यांच्याच हातात देते.